भराव पडला, जमीन कधी होणार?

शंकेखोर : सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या पूर्वेला समुद्र बुजवून दोन हजार हेक्टरांहून जास्त जमीन उभी केली, हा दाखला तुम्ही लोक नेहमी देता. १९९०च्या दशकात काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं २००५च्या सुमारास संपलं, असं सांगता. माझी पहिली हरकत या ‘संपलं’च्या तारखेवर आहे. ड्रेजरनं समुद्राच्या तळाची वाळू ओढली, पाइपातून इथे आणून ओतली, वाळू पाण्याच्या वर आली आणि नकाशावर त्या जागेचा निळा रंग पुसला गेला. पण त्या वाळूखाली काय होतं? कुठे वीस मीटर, कुठे तीस, काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत जाडीची मऊ सागरी चिकणमाती. ती माती भट्टीत वाळवून तोलली तर शंभर किलो कोरड्या कणांमागे सत्तर-ऐंशी किलो पाणी निघतं. अशा मातीच्या डोक्यावर तुम्ही वाळूचा डोंगर ठेवलात. तो ठेवला त्या दिवशी जमीन झाली नव्हती, खालच्या मातीवर फक्त ओझं पडलं होतं. ती माती पुढे किती आणि किती वर्षं दबत राहणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर देण्याआधीच उद्घाटनाची कोनशिला बसते.

भराववाला : माती दबणार हे कुणी लपवलेलं नाही. उलट, भरावाच्या कामातला बराच खर्च आणि बराच वेळ त्या दबण्यासाठीच राखलेला असतो. आधी ती दबते कशी ते बघा, कारण तुमच्या पुढच्या सगळ्या शंका त्यातूनच येणार आहेत. पाण्यानं पूर्ण भरलेल्या चिकणमातीवर वजन ठेवलं, तर पहिल्या दिवशी मातीच्या कणांवर त्यातलं काहीच येत नाही. सगळा भार कणांमधल्या पाण्यावर येतो आणि त्या पाण्याचा दाब वाढतो. दाब वाढला की पाणी बाहेर पडायला बघतं, पण चिकणमातीची छिद्रं इतकी बारीक की ते अतिशय सावकाश झिरपतं. जेवढं पाणी गेलं तेवढे कण जवळ आले, तेवढा भार पाण्यावरून कणांवर सरकला आणि तेवढीच जमीन खाली बसली. म्हणजे खचणं आणि बळ येणं या दोन गोष्टी एकाच वेळी होतात. खचल्याशिवाय ती माती सुधारतच नाही. कार्ल तेर्झागी इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकवत असताना त्यानं हे प्रयोगांनी ताडून पाहिलं, आणि १९२५ साली पुस्तकात गणितासह मांडलं. आज जगातला प्रत्येक भराव त्याच गणितावर चालतो.

शंकेखोर : मग तेच गणित मांडा आणि वर्षं सांगा.

भराववाला : सांगतो. समजा वीस मीटर जाडीचा थर आहे, वर वाळू आणि खालीही पाणी झिरपू देणारा थर. मधल्या पाण्याला बाहेर पडायला जास्तीत जास्त दहा मीटर जावं लागेल. हे पाणी किती वेगानं निसटतं ते सांगणारा गुणांक सिंगापूरच्या या मातीसाठी ढोबळमानानं वर्षाला एक चौरस मीटर धरू. नव्वद टक्के दबायला लागणारा काळ म्हणजे दहाचा वर्ग, गुणिले ०.८५, भागिले एक. म्हणजे पंच्याऐंशी वर्षं. खालचा थर पाणी झिरपू देत नसेल तर वाट वीस मीटरची होते, वेळ चौपट होतो, आणि उत्तर येतं तीनशे चाळीस वर्षं. या गणितातली सगळी गोम त्या वर्गात आहे. वाट दुप्पट झाली की वेळ चौपट. पण हेच उलटं वाचलं तर वाट लहान करा आणि वेळ वर्गाच्या हिशेबानं कोसळेल. म्हणून आम्ही मातीत उभ्या निचरा-पट्ट्या घालतो. साइटवर सगळे ‘पीव्हीडी’ म्हणतात. शंभर मिलिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड प्लॅस्टिकची खाचा असलेली पट्टी, तिच्यावर गाळणीच्या कापडाचं वेष्टन. पोकळ लोखंडी नळीतून ती मातीत खुपसायची, तळाला पोचली की नळी वर काढून घ्यायची, पट्टी आतच राहते. चांगीला दीड-दीड मीटरवर अशा पट्ट्या ठोकल्या. आता कुठल्याही थेंबाला पाऊण-एक मीटर आडवं गेलं की वाट सापडते. आडव्या दिशेनं माती पाणी थोडं जास्त सोडते, म्हणून गुणांक वर्षाला दोन चौरस मीटर धरा, आणि नव्वद टक्क्यांसाठी उत्तर येतं साधारण एक वर्ष. पंच्याऐंशी वर्षांचं एक वर्ष. इतका नफा स्थापत्यात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

शंकेखोर : पणतीतल्या वातीसारखी पट्टी पाणी शोषून घेते, असं तुमची मंडळी पाहुण्यांना सांगताना मी ऐकलंय.

भराववाला : चुकीचं सांगतात. वात स्वतः ओढते, ही पट्टी काहीच ओढत नाही. वरच्या वजनानं पाणी ढकललं जातं, पट्टी फक्त वाट देते. वजन नसेल तर हजार पट्ट्या ठोकून जमीन बोटभरही दबणार नाही. म्हणून पुढे जेवढा भार येणार त्याहून जास्त वाळू आधीच रचायची, तिला ‘सरचार्ज’ म्हणतात. वर्ष-दीड वर्ष ती तशीच ठेवायची, मग उचलून शेजारच्या तुकड्यावर न्यायची. मातीनं एकदा मोठं ओझं सोसलेलं असलं की पुढे त्याहून हलक्या ओझ्याखाली ती फारशी हलत नाही.

शंकेखोर : कागदावरचं एक वर्ष मला मान्य आहे. जागेवरचं नाही. तुम्ही जी लोखंडी नळी खुपसता ती जाताना आजूबाजूची माती चुरगाळते. चुरगाळलेल्या मातीचा लेप त्या पट्टीभोवती बसतो, आणि नेमकं ज्या वाटेनं पाणी यायला हवं तिथेच झिरपणं मंदावतं. दुसरं, जमीन दोन मीटर खाली आली तर पट्टीही तितकी आखडली पाहिजे. ती आखडत नाही, दुमडते. दुमडलेल्या पट्टीतून पाणी किती वाहणार? तिसरं, नळी वर खेचताना पट्टी तिच्याबरोबर वर आली, तर खालचे दोन-तीन मीटर पट्टीविनाच राहतात. एका हेक्टरात अशा सुमारे साडेचार हजार पट्ट्या. तीस मीटर खोली धरली तर हेक्टरमागे १३० किलोमीटरहून जास्त लांबी. त्यातली कुठली तळाला पोचली आणि कुठली नाही, हे बघायला कोण जातं?

भराववाला : तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि तिन्हींची किंमत हिशेबात धरलेली असते. चुरगाळलेल्या मातीचा हिशेब घेतला की ते एक वर्ष दीड-पावणेदोनवर जातं. चांगीचा सरचार्ज तेवढा काळ ठेवला होता, तो उगाच नव्हे. पट्टी वर येऊ नये म्हणून तिच्या टोकाला लोखंडाचा पत्रा किंवा सळईचा तुकडा बांधतात. तो मातीत रुततो आणि पट्टीला धरून ठेवतो. प्रत्येक पट्टीची खोली आणि लागलेली लांबी यंत्रावर नोंदली जाते, दोन्हींचा मेळ बसला नाही तर ऑपरेटरला शेजारी दुसरी ठोकावी लागते. दुमडण्याचं मात्र तुमचं बरोबर. तिथे चांगली पट्टी आधीच निवडणं एवढंच हातात असतं, म्हणून प्रयोगशाळेत ती मुद्दाम वाकवून, दाबून, तिच्यातून पाणी किती जातं ते मोजतात.

शंकेखोर : आणि हे सगळं करायला मुळात त्या मातीवर यंत्र उभं राहायला हवं ना? तुम्हीच म्हणालात, पहिल्या दिवशी कणांवर भार येतच नाही, म्हणजे मातीला नवं बळ आलेलं नसतं. तिच्यावर वाळू ओतली तर ती वाळू धरून ठेवेल की बाजूला फाकेल?

भराववाला : घाई केली तर फाकेल. या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक तीच. एकाच जागी वाळूचा ढीग केला की खालचा चिखल दबण्याऐवजी बाजूला सरकतो आणि पुढे लाटेसारखा वर येतो. मग भरावात चिखलाचे कप्पे अडकतात. वरून ते दिसत नाहीत, पण काही वर्षांनी तिथलीच जमीन वेडीवाकडी बसते. चांगीला याची सर्वांत कठीण परीक्षा एका तळ्यात झाली. पूर्वी जवळच्या खाणींतून वाळू धुऊन काढायचे, आणि धुतलेला गाळ समुद्रालगतच्या बांधबंदिस्त तळ्यात सोडायचे. सुमारे १८० हेक्टर पसरलेलं, काही ठिकाणी वीस मीटरपर्यंत खोल. त्यातला गाळ इतका पातळ की त्यावर माणूस सोडा, वाळूचा जाड थरही तरंगत नव्हता. तिथे वाळू पाण्यात मिसळून तराफ्यावरच्या यंत्रातून अगदी पातळ थरांत, पावसासारखी पसरली. एक थर टाकायचा, गाळाला थोडा घट्ट व्हायला वेळ द्यायचा, मग दुसरा. तरीही काही जागी गाळ वाळू फोडून वर आला. मग तिथे प्रचंड आकाराचं भक्कम कापड अंथरून त्यावर पुन्हा वाळू टाकावी लागली. तिथल्या मातीला बाकीच्या जागेपेक्षा जास्त वेळ द्यावा लागला. त्या तळ्यानं एक गोष्ट शिकवली : भरावाचा वेग ड्रेजरच्या ताकदीवर ठरत नाही, खालची माती किती सोसते त्यावर ठरतो.

शंकेखोर : म्हणजे चांगलं काम सावकाश होतं. ठीक. पण ते किती खातं ते बघू. दोन हजार हेक्टर म्हणजे दोन कोटी चौरस मीटर. जमीन सरासरी एक मीटर खाली बसली, तरी ती परत वर आणायला दोन कोटी घनमीटर वाळू वेगळी लागते. दीड-दोन मीटर बसली तर तीन-चार कोटी. ही वाळू जमिनीची उंची वाढवत नाही, फक्त खचलेलं भरून काढते. त्यातही एक खाचखळगा आहे, जो तुम्ही सांगितला नाहीत. पाण्याच्या वर असलेली एक मीटर वाळू जेवढा भार देते, तीच खचून पाण्याखाली गेली की साधारण त्याच्या निम्मा देते, कारण पाणी तिला उचलून धरतं. जमीन जशी बसते तसं तुमचं ओझंच हलकं होत जातं. मग पुन्हा वाळू आणा. आणायची कुठून? सिंगापूरनं बरीचशी वाळू इंडोनेशियाच्या समुद्रतळावरून आणली. रियाऊ बेटांकडे काय झालं ते जगजाहीर आहे. सीमेवरचं निपा बेट भरतीच्या वेळी जवळजवळ दिसेनासं झालं, आणि २००३ साली इंडोनेशियानं समुद्री वाळूची निर्यात बंद केली. मलेशियानं त्याआधीच, १९९७ साली केली होती. एका देशाची जमीन वाढताना दुसऱ्याची सीमा बुडायला लागते, हा हिशेब तुमच्या त्या पंच्याऐंशी वर्षांच्या गणितात कुठे बसतो?

भराववाला : बसत नाही. तो गणिताबाहेरच आहे, आणि म्हणून तो राजकारणानं सोडवावा लागला. वाळू मिळेनाशी झाली तेव्हाच सिंगापूरनं दुसरे मार्ग शोधले. तेकोंग बेटाजवळ २०१६मध्ये त्यांनी डच पद्धतीनं बांध घालून आतलं पाणी उपसायचं ठरवलं. जमीन समुद्रसपाटीच्या खाली राहते, वाळू खूप कमी लागते, पण पंप कायम चालवावे लागतात. हाँगकाँगनं आणखी वेगळं केलं. १९९८मध्ये सुरू झालेल्या विमानतळासाठी त्यांनी मऊ गाळ मुळातूनच उपसून फेकला आणि मग भराव टाकला. दबण्याची कटकट बरीच कमी, पण उपसलेला गाळ नेऊन टाकायचा कुठे, हा समुद्राचा प्रश्न झाला. तिसऱ्या धावपट्टीच्या वेळी त्यांनी गाळ हलवलाच नाही. खोलवर सिमेंट मिसळून तो जागीच कडक केला. ती धावपट्टी २०२२मध्ये सुरू झाली. प्रत्येक मार्ग कुणावर तरी ओझं टाकतो. पट्ट्या आणि सरचार्जचा मार्ग वेळ आणि वाळू मागतो, सिमेंटचा मार्ग पैसा आणि इंधन. तुम्हाला यातला कोणताही नको असेल, तर तसं स्पष्ट म्हणा.

शंकेखोर : कोणताच नको असं मी म्हणत नाही. मला ‘झालं’ हे कशावरून ठरवता ते कळत नाही. नव्वद टक्के दबली म्हणता. पण शंभर टक्के म्हणजे किती, हे कुणी पाहिलंय?

भराववाला : या धंद्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न हाच आहे. शंभर टक्के कुणी पाहिलेले नाहीत. ते अंदाजानं काढतात. भरावाच्या तळाशी लोखंडी पाट्या ठेवतात, त्यांना वर दांडे जोडलेले असतात, दर आठवड्याला त्या दांड्याची उंची मोजतात. त्यातून काळ आणि खचण्याचा आलेख मिळतो. तो आलेख शेवटी कुठे सपाट होईल हे काढायची एक पद्धत १९७८मध्ये असाओका या जपानी अभियंत्यानं दिली : ठरावीक अंतरानं घेतलेले आकडे घ्यायचे, प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या आकड्यासमोर मांडायचा, बिंदू सरळ रेषेत येतात, ती रेषा पंचेचाळीस अंशांच्या रेषेला जिथे छेदते ते शेवटचं खचणं. पद्धत सोपी आणि चांगली आहे. पण चांगीवर काम केलेल्या लोकांनी एक गोष्ट अनुभवली : किती महिने मोजलं त्यावर शेवटचा आकडा बदलतो, कधी वाढतही जातो. उदाहरण म्हणून घ्या. बाराव्या महिन्यात जमीन १.६२ मीटर बसली आणि पद्धत म्हणाली, शेवट १.८० मीटर. म्हणजे नव्वद टक्के झाले, सरचार्ज काढा. तुम्ही काढला नाहीत, आणखी सहा महिने थांबलात. आता जमीन १.७४ मीटर बसली आणि पद्धत म्हणते, शेवट १.९५. म्हणजे एकोणनव्वद टक्के. सहा महिने थांबून टक्का एकनं कमी झाला.

शंकेखोर : म्हणजे बाराव्या महिन्यात ज्यानं सरचार्ज काढला, त्याच्या कागदावर नव्वद टक्के कायम राहिले, आणि थांबणारा मात्र नापास. असं असताना कंत्राटदार थांबेल कशाला?

भराववाला : म्हणून एका मोजमापावर कुणी विसंबू नये. जमीन किती बसली हे पाटी सांगते, पाण्याचा दाब अजून किती उरला हे पिझोमीटर सांगतो. तो चिकणमातीच्या आत, पट्ट्यांच्या मधोमध बसवतात. पाणी निघून गेलं असेल तर दाब उतरलेला दिसायला हवा. बऱ्याचदा पाट्या म्हणतात नव्वद, पिझोमीटर म्हणतो ऐंशी किंवा त्याहून कमी. तेव्हा लोकांना मोह होतो की यंत्र बिघडलं म्हणावं. कधीकधी खरंच दोष वाचनात असतो. पिझोमीटर मातीबरोबर खाली जातो, दीड मीटर खाली गेला तर त्याच्यावरचं पाणी दीड मीटरनं वाढलं, तेवढा दाब आपोआप जास्त दिसणार. तो वजा केला नाही तर माती आहे त्यापेक्षा कच्ची वाटते. पण ही दुरुस्ती करूनही फरक उरला, तर त्याचा अर्थ लावावा लागतो. एक अर्थ असा की पाटी सगळ्या थरांची बेरीज सांगते, पिझोमीटर एका बिंदूचं. पट्टीपासून सर्वांत दूरचा बिंदू शेवटीच रिकामा होतो. माझं मत विचाराल तर पिझोमीटर काय म्हणतो ते ऐकावं, आणि दोघांत जो जास्त उशीर सांगेल त्याच्या तारखेला सरचार्ज काढावा.

शंकेखोर : तुमचं मत चांगलं आहे, करारात ते असतं का हा वेगळा भाग. पण मला याहूनही खोल शंका आहे. पट्टी जिथवर पोचते तिथवर तुमची सत्ता. त्याखाली काय? जपानमधला कानसाई विमानतळ घ्या. ओसाकाच्या उपसागरात, किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर, सुमारे अठरा मीटर खोल पाण्यात बेट केलं. तळाला जवळपास वीस मीटरचा मऊ थर; त्यात त्यांनी दहा लाख वाळूचे निचरा-खांब घातले. तो थर अंदाजाप्रमाणे लवकर दबला. पण त्याच्याखाली शेकडो मीटर जुन्या चिकणमातीचे आणि वाळूचे थर एकाआड एक. तिथवर कुणाचाही निचरा पोचत नाही. बेट इतकं जड होतं की तेही थर दबायला लागले, आणि त्यांच्यामधली वाळू पाणी सुखासुखी बाहेर सोडत नव्हती. विमानतळ ४ सप्टेंबर १९९४ला उघडला. त्यानंतर ते बेट आणखी तीन मीटरहून जास्त खाली गेलंय. एकूण सरासरी साडेतेरा मीटर, आणि अजून वर्षाला सुमारे सहा सेंटिमीटर. शेजारचं दुसरं बेट सतरा मीटरहून जास्त बसलंय आणि त्याचा वेग अजूनही जास्त आहे. मग ४ सप्टेंबर २०१८ला, उद्घाटनाच्या नेमक्या तारखेला, जेबी वादळ आलं आणि धावपट्टी पाण्याखाली गेली.

भराववाला : कानसाईचा भराव डोंगर फोडून आणलेल्या मुरमाचा आणि दगडाचा होता, समुद्राच्या वाळूचा नव्हे, पण चिकणमातीला वरचं ओझं कशाचं आहे याचा फरक पडत नाही, तुमचा मुद्दा टिकतो. मी फक्त एवढं म्हणेन की चांगी आणि कानसाई एकाच मापानं मोजू नका. चांगीला सागरी मातीखाली जुना, घट्ट, खडकाकडे झुकणारा थर लागतो. पट्टी त्यावर टेकते, खाली दबण्यासारखं काही उरत नाही. म्हणून तिथे नव्वद टक्क्यांना अर्थ आहे. कानसाईच्या खाली तळच हाताला लागत नव्हता. तिथल्या अभियंत्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यांनी इमारत तशी बांधली. टर्मिनलच्या प्रत्येक खांबाखाली जॅक लावता येतो, खांब उचलायचा आणि खाली लोखंडी पत्रे सरकवायचे. असे सुमारे नऊशे खांब. वादळात चुकलं ते समुद्रभिंतीच्या उंचीचं; जमीन खाली जात असताना भिंत तेवढ्या वेगानं उंच करायला हवी होती, ती नंतर केली. मला त्यातून असं दिसतं की जमीन खचेल का, हा प्रश्न अपुरा आहे. पट्टी जिथे थांबते त्याखाली अजून किती माती दबणार आहे, हे आधी विचारलं पाहिजे. ते भोकं पाडून, खोलवरचे नमुने काढून कळतं, आणि नेमका तिथेच सुरुवातीला पैसा वाचवला जातो.

शंकेखोर : चांगीच्या पक्षात आणखी एक गोष्ट मी स्वतःच सांगतो, म्हणजे मला हट्टी म्हणायला नको. त्याच भरावाच्या जागेवर त्यांनी पाचव्या टर्मिनलचं भूमिपूजन मे २०२५मध्ये केलं. भराव पडून वीस वर्षं झाल्यावर. इतका वेळ मातीला कुणी देतं का? आपल्याकडे खाडीकाठच्या भरावावर पाच-सात वर्षांत इमारती उभ्या राहतात. इमारत खोल खांबांवर खडकापर्यंत टेकलेली, ती जागची हलत नाही. आजूबाजूचं अंगण, रस्ता, गटार मात्र खाली जातं. मग पायरीखाली भेग पडते, पाण्याचा पाइप जोडाशी तुटतो, गटाराचा उतार उलटा होतो. शिवाय खचणारी माती खांबांना धरून खाली ओढते, तो भार खांबाच्या गणितात धरला नसेल तर खांबावर जादा ताण येतो. लोक म्हणतात, बांधकाम निकृष्ट. बहुतेकदा बांधकाम चांगलं असतं, जमीनच अजून दबायची बाकी असते.

भराववाला : आणि ती एकसारखी दबत नाही, ही त्यातली खरी मेख. जुन्या नद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत ही चिकणमाती साचलेली असते, त्यामुळे शंभर मीटरच्या अंतरात तिची जाडी दहावरून चाळीस मीटर होऊ शकते. सगळी जमीन एक मीटर सारखी बसली तर धावपट्टीचं काही बिघडत नाही. एका टोकाला दहा सेंटिमीटर आणि दुसऱ्याला साठ बसली, तर बिघडतं. सरचार्जचा मोठा उपयोग इथे आहे. जास्त ओझ्यानं जाड थराला आधीच पुढे दाबून घेता येतं. सगळं पाणी गेल्यावरही कण आपापसात सावकाश सरकत राहतात आणि थोडं खचणं वर्षानुवर्षं चालू राहतं. ते पूर्ण थांबवता येत नाही, पण मातीनं आधी जास्त ओझं सोसलेलं असेल तर बरंच कमी होतं. म्हणून सरचार्ज उचलायची घाई करणाऱ्याला जागेचा ताबा लवकर मिळतो, पण पुढची तीस वर्षं तो रस्ते उचलत बसतो.

शंकेखोर : मग आपल्या दाराशी काय होतंय ते बघा. डहाणूजवळ वाढवणला समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार, वाळू दमणच्या बाजूच्या समुद्रतळावरून येणार. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४मध्ये मंजुरी दिली. तिथला मच्छीमार विरोध करतो ते माशांच्या आणि जाळ्यांच्या जागेसाठी, आणि ते बरोबरच आहे. पण समजा उद्या भराव पडलाच, तर त्याला विचारता यावं असा एक साधा प्रश्न मला हवा आहे. ज्या तळावरून वाळू काढली तिथे काय उरलं आणि ज्या तळावर टाकली तो किती खचतोय, हे आकडे कुठे लावलेले असतील?

भराववाला : पहिल्या आकड्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, वाळू काढून पडलेला खड्डा पुन्हा भरतो की नाही, हे प्रत्येक जागेच्या प्रवाहावर ठरतं आणि ते तिथेच, वर्षानुवर्षं मोजूनच कळतं. दुसऱ्याबद्दल मी तुमच्या बाजूला उभा राहतो, पण एका अटीवर. आकडे लावले की लोक म्हणणार, बघा, खचतंय. खचणारच. वाढवणचा तळ कुठे खडकाळ आहे आणि कुठे मातीचा, त्याप्रमाणे कुठे भराव बसल्या जागी राहील आणि कुठे मीटरभर जाईल. खचण्याचा आकडा दिसला म्हणून काम बिघडलं असं होत नाही. आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा तो आकडा वेगळा निघाला, तर काहीतरी बिघडलंय. म्हणून अंदाजही त्या आकड्यांशेजारीच हवा, भराव पडण्याच्या आधीच्या तारखेसह.

शंकेखोर : मान्य. आणि अंदाज कोणत्या खोलीपर्यंतच्या मातीचा, तेही लिहा. नव्वद टक्के कशाचे, हेही. मापं घेणारा माणूस ज्याला ताबा द्यायचा त्याच्या पगारावर नसावा. एवढं झालं तरी मला वाळूचा हिशेब पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भराववाला : तो मलाही पुरता पटलेला नाही. पण बेटाचं खचणं लोकांसमोर मांडता येत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला कानसाईकडे बोट दाखवा. विमानतळाची कंपनी दोन्ही बेटं किती खाली गेली याचे आकडे मोजणीच्या जागांसह आपल्या संकेतस्थळावर उघड ठेवते, आणि तिथे विमानं रोज उतरतात.